पूर्णविरामापाशी थांबलेल्या दावा विभागास खुले पत्र

मा. दावा विभागप्रमुख,


माझा क्लेम नामंजूर झाल्याचे आपले पत्र पोचले. पॉलिसीला २४ महिने झालेले नाहीत, गुडघ्याच्या लिगामेंटचे ऑपरेशन प्रतीक्षाकाळाच्या यादीत आहे, सबब पैसे मिळणार नाहीत. यादी खरी आणि पॉलिसीला चौदाच महिने झालेत, हेही खरे. आपण कलमाचे पहिले वाक्य बिनचूक वाचले आहे, त्याबद्दल अभिनंदन.

मात्र त्याच कलमात पुढे दुसरे वाक्य आहे. अपघातामुळे उद्भवलेल्या दाव्यांना हे कलम लागू नाही, असे ते सांगते. अक्षरे बारीक आहेत, पण छापली आपणच.

क्लेम नामंजूर करण्याआधी कंपनीच्या तीन सदस्यांच्या समितीची मंजुरी लागते, असा विमा नियामकाचा नियम आहे. म्हणजे तिघेही एकाच पूर्णविरामापाशी थांबले. असे एकमत हल्ली कुठे पाहायला मिळते!

आता आपण म्हणाल, ही झीज वयाची, अपघात निमित्तमात्र. म्हणून कागद पुन्हा जोडतो. पहिला, स्कूटर घसरली त्याच रात्रीचा कॅज्युअल्टीचा केसपेपर. त्यात पडण्याची वेळ आणि गुडघ्याची सूज दोन्ही नोंदल्या आहेत. दुसरा, चौथ्या दिवशीचा एमआरआय. त्यात फाटलेल्या लिगामेंटबरोबर आतल्या हाडाला ताजा मुका मार दिसतो. असा मार काही महिन्यांत विरतो. नुसत्या झिजेने तो या नमुन्यात उमटत नाही. तिसरे, इजा अपघाताची असल्याचे सर्जनचे प्रमाणपत्र. एमआरआयच्या अहवालात ‘किंचित झीज’ असेही दोन शब्द आहेत. ते आपल्याला आधी सापडतील याची खात्री आहे. पण चाळिशीपुढच्या गुडघ्यात थोडी झीज निघणारच. लिगामेंट तिने फाडले, हे दाखवायची जबाबदारी आपली. वगळणुकीचे कलम पुढे करणाऱ्यानेच ते लागू पडते हे सिद्ध करायचे असते. आणि शब्दांचे दोन अर्थ निघत असतील, तर पॉलिसी लिहिणाऱ्याच्या विरोधात जाणारा अर्थ धरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. इथे तर दुसरा अर्थ निघण्याचीही सोय नाही.

हे पत्र आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडेही दिले आहे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पुन्हा पहिलेच वाक्य आले, तर मी विमा लोकपालांकडे जाईन. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. अर्ज आपल्या नकारापासून वर्षाच्या आत करायचा असतो, तेवढे मात्र लक्षात ठेवले आहे.

तेव्हा समितीची पुढची बैठक बोलवाल, तेव्हा कृपया कोणाला तरी ते दुसरे वाक्य मोठ्याने वाचायला सांगावे, ही विनंती.

आपला,
एक पॉलिसीधारक