ज्युनिअरचं प्रेझेंटेशन संपल्यावर साहेबांनी काय बोलावे: एक अधिकृत मार्गदर्शिका

अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या वरिष्ठांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्युनिअरचं प्रेझेंटेशन संपतं, दिवे लागतात, सगळे साहेबांकडे बघतात आणि साहेब म्हणतात, ‘छान. कीप इट अप.’ हाच माणूस रविवारी मिसळ खाऊन उठतो तेव्हा रश्शाला कट किती होता, मटकी किती शिजली होती, पापड कधी मऊ पडला आणि पुढच्या वेळी कोणत्या टेबलावर बसायचं, हे सगळं न विचारता सांगतो. म्हणजे नेमकं निरीक्षण करण्याची आणि ते शब्दांत मांडण्याची क्षमता नाशिककराकडे जन्मजात आहे. ती फक्त कॉन्फरन्स हॉलच्या दाराशी चपलांसारखी काढून ठेवली जाते. मार्गदर्शिकेचा हेतू एवढाच, की ही क्षमता आत न्यावी.

काहीच न बोलणं सुरक्षित, असं मानणारा एक मोठा वर्ग आहे आणि त्याच्या बाजूने पुरावाही आहे. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या अभ्यासकांनी 1996 साली अभिप्रायाच्या परिणामांवरचे जुने अभ्यास एकत्र करून 607 निष्कर्ष तपासले. सरासरीने अभिप्रायामुळे काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी ते चक्क बिघडलं होतं. त्यांनी दिलेलं कारण साहेबलोकांनी नीट वाचावं: बोलण्याचा रोख कामावरून माणसावर सरकला, की ऐकणारा काम सोडून स्वतःची किंमत मोजत बसतो. यात निंदेइतकीच स्तुतीही धोक्याची. ‘तू हुशार आहेस’ हे वाक्य ऐकून पुढच्या वेळी कोणती स्लाइड तशीच ठेवायची, हे कुणालाही कळत नाही. त्यामुळे या मार्गदर्शिकेचा पहिला आणि बहुधा एकमेव नियम असा, की बोलायचं ते स्लाइडबद्दल, आणि तेही नंबरासकट.

उदाहरणादाखल एक प्रेझेंटेशन घेऊ. समजा, एका ट्रेनी इंजिनिअर मुलीने क्वालिटी सर्कलमध्ये सीएनसी लेथवरच्या स्क्रॅपचा विषय मांडला. महिन्याला 12,000 नग निघतात, दर 200 नगांनंतर इन्सर्ट बदलला जातो, म्हणजे महिन्यात 60 वेळा. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान येऊ लागतो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट थोडा थोडा वाढवत नेतो. नवा इन्सर्ट बसतो, पण जुन्या झिजेसाठी दिलेला ऑफसेट काढायचा राहून जातो. मग पहिले तीन नग बोअर मोठा होऊन स्क्रॅपमध्ये जातात. लहान बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला भरून काढता येत नाही. साठ वेळा तीन, म्हणजे महिन्याला 180 नग. तिने चेकलिस्टमध्ये ‘इन्सर्ट बदलला, ऑफसेट शून्य केला’ अशी ओळ घातली, बदलानंतरचा पहिला नग बोअर गेजने तपासायला लावला आणि स्क्रॅप 20 वर आलं. सातव्या स्लाइडवर मशीनच्या स्क्रीनवरच्या ऑफसेटच्या पानाचा फोटो होता आणि 0.06 या आकड्याभोवती लाल गोल. 180 वरून 20 हा आकडा मात्र सोळापैकी तेराव्या स्लाइडवर होता आणि प्लांट हेड फोन आल्यामुळे नवव्या स्लाइडलाच उठून गेले होते.

आता साहेबांनी काय बोलावं? ‘फॉन्ट लहान आहे, रंग फार आहेत, फिशबोनचे काटे कमी आहेत, आवाज वाढव, आत्मविश्वास हवा’ ही पारंपरिक पंचसूत्री म्हणून टाकण्याचा मोह होईल. तो आवरून असं म्हणावं: ‘सातव्या स्लाइडवर तू ऑफसेटच्या पानाचा फोटो लावलास, त्यामुळे कारण अर्ध्या मिनिटात पटलं. ऑपरेटर रोज तोच स्क्रीन बघतो, त्यामुळे त्यालाही ते समजावून सांगावं लागलं नाही. पुढच्या वेळीही कारण दाखवताना मशीनवरचाच पुरावा लाव. आणि एक बदल कर. 180 वरून 20 हा आकडा दुसऱ्या स्लाइडवर आण, म्हणजे कुणी मधेच उठलं तरी तो ऐकून उठेल.’ एवढं बोलून थांबावं. थांबणं हा या कृतीतला सर्वांत अवघड टप्पा आहे आणि अनुभवी साहेबही इथे घसरतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: स्तुती केली की पोरं डोक्यावर बसतात. ‘तू ग्रेट आहेस’ म्हटलं तर बसतीलही. सातव्या स्लाइडच्या फोटोवर बसता येत नाही. तो फार तर पुन्हा लावता येतो. दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: पाच चुका दिसल्या, मग एकच का सांगायची? कारण पाच सांगितल्या की ऐकणारी व्यक्ती त्यातली सर्वांत सोपी निवडते. पुढच्या महिन्यात फॉन्ट मोठा होऊन येतो आणि आकडा तेराव्या स्लाइडवरच राहतो. म्हणून पाचांपैकी अशी एक निवडावी, जिच्यामुळे ऐकणाऱ्यांचा निर्णय बदलला असता. इथे निर्णय घेणारा माणूस आकडा न बघताच गेला, म्हणून आकड्याची जागा महत्त्वाची. रंगांमुळे कुणी उठून गेलं नव्हतं.

तिसरा आक्षेप क्वालिटी सर्कलच्या जाणकारांचा: विषयनिवड, सद्यस्थिती, कारणमीमांसा, उपाय, परिणाम, प्रमाणीकरण हा क्रम ठरलेला आहे, परिणाम आधी कसा आणणार? क्रमाला हात लावू नये. विषयाच्या स्लाइडवर एका ओळीत आकडा लिहिला तर सगळे टप्पे जागच्या जागी राहतात आणि परीक्षकांचे गुणही कापले जात नाहीत.

एक मर्यादा मात्र गंभीरपणे पाळावी. 20 हा आकडा फक्त पहिल्या शिफ्टचा किंवा चारच दिवसांचा असेल, तर तो ‘पुढच्या वेळी’चा विषय नाही. तो त्याच दिवशी, तिला बाजूला घेऊन दुरुस्त करायचा, कारण तोच आकडा उद्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये जाईल. सुधारणेची सूचना आणि चुकीची दुरुस्ती एकाच गोड वाक्यात कालवली, की दोन्ही वाया जातात.

आपण नीट बोललो की नाही, हे ज्युनिअरच्या चेहऱ्यावरून ठरवू नये. साहेबांसमोर सगळेच हसतात. निघताना ‘पुढच्या वेळी काय बदलशील?’ एवढं विचारावं. ‘आकडा दुसऱ्या स्लाइडवर आणेन, सर’ असं उत्तर आलं तर काम झालं. ‘अजून मेहनत घेईन, सर’ असं आलं, तर सुधारणेची गरज ज्युनिअरला नसून आपल्याला आहे, असं समजावं. आणि प्रेझेंटेशन चालू असताना मोबाइल बघत असल्यामुळे एकाही स्लाइडचा नंबर आठवत नसेल, तर अशा साहेबांनी ‘छान’सुद्धा म्हणू नये. फाइल मागवून घ्यावी, वाचावी आणि दुसऱ्या दिवशी बोलावं.