सगळ्या चौकटी भरल्या, मॅडम!

इन्स्पेक्शनची तारीख कळली की नर्सिंग स्कूलमध्ये दोन गोष्टींना रंग लागतो. एक डेमो रूमच्या भिंतींना, दुसरा अभ्यासक्रमाच्या नकाशाला. नकाशा म्हणजे एक लांबरुंद तक्ता. डाव्या बाजूला उभ्या रांगेत कौशल्यं, वर आडवे जीएनएमच्या तीन वर्षांचे विषय. कुठलं कौशल्य कुठे शिकवलं, कुठे सराव झाला आणि कुठे परीक्षा घेतली, हे चौकटीत लिहायचं: 'शि', 'स', 'प'. प्रत्येक ट्यूटरकडे तिच्या विषयाचा रकाना जातो आणि संध्याकाळपर्यंत भरून परत येतो. आपल्याच विषयासमोर 'हे आमच्याकडे होत नाही' असं कोण लिहील?

असा तक्ता हाती आला तर एकच ओळ धरा आणि डावीकडून उजवीकडे वाचत जा. 'औषधाचा डोस काढणे' ही ओळ घेऊ. पहिलं वर्ष, फंडामेंटल्स: शि, स, प. दुसरं वर्ष, मेडिकल-सर्जिकल: शि, स, प. चाइल्ड हेल्थ: शि, स, प. तिसरं वर्ष, मिडवायफरी: तेच. इंटर्नशिपच्या रकान्यात तर 'सर्व' असा एकच शब्द, वरपासून खालपर्यंत. एवढ्या वेळा शिकवलेली मुलगी झोपेतही डोस काढेल, नाही का?

आता तिला जागेपणी विचारा. बाळाचं वजन १२ किलो. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १८० मिलिग्रॅम. हातातल्या बाटलीवर ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम लिहिलंय. किती मिली द्यायचं? उत्तर ७.२. आता तेच औषध, पण बाटली ५ मिलीत २५० मिलिग्रॅमवाली. उत्तर ३.६. दोन्ही बाटल्या वॉर्डच्या एकाच कपाटात असतात. लेबल न वाचता सवयीने ७.२ मिली ओढलं, तर दुसऱ्या बाटलीतून बाळाला दुप्पट डोस जातो.

ही मुलगी अडली, तर तो 'शि' गेला कुठे? पहिल्या वर्षाच्या मॅडम सांगतात, "मी गोळीचं आणि इंजेक्शनचं गणित घेते, वजनावरचं चाइल्ड हेल्थला येतंच." चाइल्ड हेल्थच्या मॅडम म्हणतात, "गणित पहिल्या वर्षी झालेलं असतं, मी आजार शिकवते." दोघीही खोटं बोलत नाहीत. दोघींनीही आपापली चौकट प्रामाणिकपणे भरलीय. फक्त वजनावरून मिलीपर्यंतचा प्रवास दोघींच्या मधल्या रेषेवर सांडला. आणि तक्त्यात रेषेला चौकट नसते.

'प'ची कहाणी आणखी गमतीची. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकात मुलीला वॉर्डातलं एक मूल मिळतं. त्या दिवशी त्या मुलाला सिरप असेल तर डोसची परीक्षा झाली, नुसती सलाईन असेल तर नाही झाली. तक्त्यात मात्र दोन्ही वेळा 'प'च. बरं, सिरप मिळालं तरी चेकलिस्टवर हात धुण्याला एक गुण, ट्रे लावण्याला एक, नातेवाइकांना समजावण्याला एक आणि बरोबर डोसलाही एकच. डोस चुकला, बाकी सगळं टापटीप, तर मुलगी मजेत पास. ट्रे मात्र फार सुंदर लावला होता म्हणे.

लॉगबुकची सहीही अनेक ठिकाणी 'प'च समजली जाते. रिकाम्या रकान्यांखाली महिनाअखेरीला एका बैठकीत पंचवीस सह्या झालेल्या असतात, पेनची शाईसुद्धा एकाच जाड-बारीकपणाची. त्याला परीक्षा म्हणणं म्हणजे हजेरीला गुण देणं.

नकाशा तपासायला फार विद्वत्ता लागत नाही. ज्या चौकटीत 'प' आहे, तिच्यामागचा कागद मागा: कुठला प्रश्न, कुठली चेकलिस्ट, किती गुण. मग दुसरा प्रश्न: हे चुकलं तरी मुलगी पास होऊ शकते का? होत असेल, तर तिथे परीक्षा नाहीच. डोस, रुग्णाची ओळख, ॲलर्जी विचारणं, अशा मोजक्या पायऱ्या चुकल्या की ती प्रोसिजर नापास आणि पुन्हा द्यायची, एवढं चेकलिस्टवर छापून टाका. वॉर्डात कोणतं मूल मिळेल याच्या नशिबावर सोडण्यापेक्षा डेमो रूममध्ये दोन वेगळ्या बाटल्या ठेवा आणि प्रत्येक मुलीला दहा मिनिटं एकटीला बसवा. त्यासाठी पुतळाही लागत नाही.

अर्थात, असं केलं की तक्त्यात भोकं पडतात. पडू द्यात. प्राचार्य मॅडम, पुढच्या इन्स्पेक्शनला ज्या 'प'चा कागद टेबलावर ठेवता येत नाही तो खोडरबराने पुसा आणि चाइल्ड हेल्थ व फंडामेंटल्सच्या दोन्ही मॅडमना एका टेबलाशी बसवून विचारा, १२ किलोच्या बाळाचं गणित नक्की कोण घेणार?