कंपोस्ट समिती (सदस्यसंख्या एक)

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तोंड उघडू नये, हे वडील मला बजावून गेले होते. तरी मी विचारलंच, "ओल्या कचऱ्याचं खत आपणच का करू नये?" चहा येईपर्यंत कंपोस्ट समिती स्थापन झाली होती. समितीत मी एकटा, त्यामुळे अध्यक्षपदाची निवड बिनविरोध.

मागच्या भिंतीलगत विटांचे दोन हौद बांधले. हवा खेळावी म्हणून विटांमध्ये फटी सोडल्या. एक हौद भरला की मुरत ठेवायचा आणि दुसरा भरायला घ्यायचा. मी वर कल्चरची महागडी पावडर तीर्थासारखी शिंपडली आणि लवकर कुजावं म्हणून रोज बादलीभर पाणीही ओतलं. ऐन जूनमध्ये, ओल्याच कचऱ्यावर! आठवडाभरात बी विंगने खिडक्या लावून घेतल्या. मग अळ्या झाल्या. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला : 'समितीची सदस्यसंख्या वाढली.'

शेवटी माळीकाकांना शरण गेलो. त्यांनी हौदावर वाकून नुसता वास घेतला. "सडका वास म्हणजे पाणी जास्त, आत हवा नाही. नाकात झोंबतो तो सुकं कमी पडल्याचा. तुमच्याकडे दोन्ही आहे, साहेब." बादलीभर ओल्या कचऱ्याला बादलीभर सुका पाला घालायचा आणि आठवड्याला एकदा सगळं खालीवर करायचं. मूठभर घेऊन दाबलं तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. अळ्या माशीच्याच असल्या तरी कचरा खातात, म्हणजे कामाच्या. "वरून पाल्याचा जाड थर द्या, काकूंना दिसणार नाहीत."

पाला घातला. वास ओसरला. एका सकाळी फावडं घातलं तर आतून वाफा! आग समजून मी ओरडलो, वॉचमनने बादल्या रिकाम्या केल्या. चांगलं चाललेलं खत आतून साठ अंशांपर्यंत तापतं, हे मला तेव्हा कळलं. बी विंगच्या खिडक्या पुन्हा लागल्या.

खरी गोम पाल्यातच आहे. तो गळतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि लागतो पावसाळ्यात. त्याच मार्चमध्ये 'आवारातला पाला त्वरित उचलावा' असा लेखी अर्ज सेक्रेटरींकडे कोणी दिला होता, ते सोडा. तो पावसाळा सुताराकडच्या भुशावर निभावला. दोनेक महिन्यांनी हाती आलेलं खत चाळलं तेव्हा काळं, भुसभुशीत निघालं, पावसानंतरच्या मातीसारख्या वासाचं. काकूंनी तुळशीला दोन डबे मागून नेले. फोटो मात्र टाकला नाही.

आता मार्चपासूनच पाल्याची पोती भरून ठेवतो, पाऊस लागणार नाही अशा एकमेव रिकाम्या जागी, म्हणजे माझ्या पार्किंगमध्ये. गाडी रस्त्यावर असते. परवा सेक्रेटरींची नोटीस आली : पार्किंगचा वापर फक्त वाहनासाठी करावा. प्रत कंपोस्ट समितीला माहितीसाठी.