पंखा बंद ठेवावा

प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता लिहिलेल्या फाइलीत सर्वांत गमतीचं पान म्हणजे ‘सावधानियाँ’. आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात घरी मराठी, शाळेत हिंदी. त्यामुळे भौतिकशास्त्राच्या फाइलीत उद्देश्य, उपकरण, सिद्धांत, प्रेक्षण, गणना असं सगळं रांगेत येतं आणि शेवटी सावधानियाँ. सौंसरच्या माझ्या भाचीने लोलकाचा प्रयोग मोबाईलवर केला होता, आणि सावधानीत सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं की प्रयोग करताना पंखा बंद ठेवावा.

“अगं, मोबाईलमधल्या लोलकाला पंख्याचा वारा लागतो काय?”

“मामा, सगळे असंच लिहितात. वरच्या वर्गातल्या पोरीच्या फाइलीतही आहे.”

म्हणजे पंखा वर्षानुवर्षं बंदच आहे, आमच्या उन्हाळ्यातसुद्धा.

तिने वापरलेला लोलक कोलोराडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातला. नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी 2002 साली हा प्रकल्प सुरू केला. त्यात दोऱ्याची लांबी, गोळ्याचं वस्तुमान, घर्षण, गुरुत्व सगळं सरकपट्टीवर असतं. भाचीने लांबी 1 मीटर ठेवली, घर्षण शून्य, ग्रह पृथ्वी. मग गोळा चांगला 60 अंशांपर्यंत ओढला, कारण मोठा झोका मोजायला सोपा. 20 झोक्यांना 43 सेकंद लागले, म्हणजे एका झोक्याला 2.15. पुस्तकातल्या T = 2π√(L/g) या सूत्रात हे घालून g काढलं तर 8.5 आलं. पाहिजे होतं 9.81. तेरा टक्के चूक! मग कारणांच्या रकान्यात नेहमीची मंडळी हजर झाली: हवेचा अवरोध, दोरा ताणला जाणं, हाताला लागणारा वेळ.

हवा तर तिने स्वतःच शून्यावर नेली होती. दोरा ताणला जातो हे त्या कार्यक्रमाला कुणी सांगितलेलंच नाही. हाताचा वेळ मात्र सरसकट खोडता येत नाही. पडद्यावरचं स्टॉपवॉच बोटाने दाबलं असेल, तर चूक खरोखर बोटाची असू शकते. आवर्तकाल आपोआप मोजणारं घड्याळ लावलं असेल, तर बोटावर ठपका ठेवता येत नाही. तिने बोटानेच दाबलं होतं. पण बोट चुकतं ते कधी इकडे, कधी तिकडे, आणि 43 सेकंदांत फार तर थोडंसं. म्हणून तिला म्हटलं, पुन्हा मोज. पुन्हा जवळपास 43च. परत तेच. चूक दर वेळी एकाच बाजूला, तितकीच येते म्हटल्यावर तिचं मूळ दुसरीकडे शोधावं लागतं.

मूळ सूत्रातच होतं. ते सूत्र लहान झोक्यासाठीच आहे. ते मांडताना sin θ च्या जागी θ धरलेला असतो. फेटचा लोलक असा काटछाट केलेला नाही, त्यामुळे 60 अंशांवर त्याचा झोका सूत्रापेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी लांबतो. g काढताना वेळेचा वर्ग होतो, म्हणून तो फरक तेरावर जातो. गोळा 5 अंशांवर सोडला तेव्हा 20 झोके 40.1 सेकंदांत झाले आणि g आलं 9.82. लोलक पहिल्यापासून बरोबरच झुलत होता. आरोपी उगाच हवेला केलं होतं.

पण 9.82 आलं म्हणून पाठ थोपटावी, तर तिथेही पंचाईत. 9.81 हा आकडा पट्टीवर आधीच घातलेला. आपणच डब्यात ठेवलेले लाडू मोजून ‘अंदाज बरोबर निघाला’ म्हणण्यासारखं ते. यातून गणित जुळलं एवढं कळतं. पृथ्वीबद्दल नवीन काही कळत नाही. म्हणून कृतीच्या पानावर ‘लोलक टांगला, व्हर्नियरने गोळ्याचा व्यास मोजला’ हे नको. सिम्युलेशनचं नाव, लांबी, कोन, घर्षण, कोणतं घड्याळ, हे लिहिलं की वाचणाऱ्याला तेच आकडे पुन्हा काढता येतात.

सरांनी वहीतून आयता तक्ता दिला असेल तर गोष्ट निराळी. तिथे हवा, दोरा, पंखा खरेच होते, फक्त आपण नव्हतो. तेव्हा वाचनं कुणी, कशाने, किती सूक्ष्म मोजून घेतली हे सरांना विचारून लिहावं. एखादा आकडा बाकीच्यांत बसत नसेल, तर गुपचूप गाळू नये. तो कुणाच्या तरी हाताचा आहे.

भाचीने पंखा खोडला आणि लिहिलं, ‘कोन 10 अंशांपेक्षा कमी ठेवावा.’ मग यादीत पृथ्वी, चंद्र, गुरू यांच्याखाली असलेला ‘ग्रह एक्स’ तिने निवडला. त्याचं गुरुत्व पट्टीवर दिसत नाही. झोके मोजले, आकडेमोड केली, उत्तर आलं.

“मामा, खरं किती आहे?”

“मला काय माहीत?”

“मग टक्केवारीची चूक कशी काढू?”

तो रकाना रिकामा ठेवून तिने झोके पुन्हा मोजायला घेतले.