उसने डोळे

ग्रुप फोटोत डोळे मिटणाऱ्या माणसाला उगाच बोल लावू नये. पापणी मिनिटाला दहा-पंधरा वेळा लवते आणि दर खेपेला साधारण पाव सेकंद माणूस जगाला मुकतो. एकट्याच्या फोटोत हे सहसा खपून जातं. पण लग्नाच्या स्टेजवर नवरा-नवरी धरून अठरा जण उभे केले, की कोणाचा ना कोणाचा तो पाव सेकंद चालूच असतो. त्यात फोटोग्राफर "एक, दोन" म्हणू लागला की सगळे डोळे ताणून बसतात, आणि ताणलेली पापणी बरोबर "तीन"ला दमते.

ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेतल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं चक्क गणित मांडलं आणि २००६ साली त्यासाठी इग नोबेल पटकावलं. त्यांचा हिशेब सोपा आहे. माणसं विसाच्या आत असतील आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तिनाने भागा. उजेड कमी असेल तर दोनाने. तितके फोटो काढले, तर निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची जवळजवळ खात्री. म्हणजे आमच्या अठरा जणांसाठी भर उजेडात सहा आणि हॉलच्या मंद दिव्यांत नऊ. फोटोग्राफरने काढले तीन, कारण पंगत खोळंबली होती.

पहिल्या फोटोत सगळे छान, फक्त मोठे काका ध्यानस्थ. दुसऱ्यात काकांचे डोळे टक्क उघडे, पण नवरीचे मिटलेले. तिसऱ्यात दोन मुलं गायब. अशा वेळी पहिला फोटो पाया धरायचा आणि काकांना त्यांचेच दुसऱ्या फोटोतले डोळे उसने द्यायचे. फोटोशॉपमध्ये दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये एकावर एक ठेवायचे, दोन्ही लेयर निवडून Edit मेनूतलं Auto-Align Layers चालवायचं, म्हणजे फोटोग्राफरचा हात जो हलला असेल तो जुळून येतो. उघड्या डोळ्यांचा फोटो वर ठेवून त्यावर काळा मास्क चढवला की तो पूर्ण झाकला जातो. मग मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने काकांच्या डोळ्यांवरून फिरायचं. जिथे पांढरं लागेल, तिथे वरचा फोटो उघडा पडतो आणि काका हळूहळू जागे होतात.

फक्त बुबुळांपुरता ब्रश फिरवला, तर काका दचकल्यासारखे दिसतात. डोळा उघडताना पापणीची घडी, भुवई, खालची सुरकुती, सगळं हलत असतं; तेवढं सगळं सोबत आणावं लागतं. चष्मा असेल तर काचेसकट आणावं, नाहीतर काचेवरची दिव्याची चमक मध्येच तुटते आणि चोरी पकडली जाते. डोक्याचा कल थोडा बदलला असेल, तर Free Transform ने उसना तुकडा किंचित फिरवता येतो. मान वळलेली असेल, तर मात्र इलाज नाही. मग उसने डोळे नवरीकडे आणि नाक भोजनगृहाकडे.

सगळं जुळल्यावरही आमचे काका काही केल्या काका दिसेनात. पहिल्या फोटोत ते मनापासून हसत होते. दुसऱ्यात फोटोग्राफरवर वैतागले होते. हसरे ओठ आणि वैतागलेले डोळे एकत्र आल्यावर, हुंड्याची बोलणी अजून पुरती व्हायची असल्यासारखा चेहरा तयार झाला. खरं हसू डोळ्यांच्या कडेला असतं, आणि ते ओठांसोबतच यावं लागतं. शेवटी डोळ्यांचा नाद सोडून केसांपासून हनुवटीपर्यंत अख्खा चेहराच दुसऱ्या फोटोतून आणला. काका किंचित वैतागलेले दिसतात, पण संपूर्ण वैतागलेले दिसतात, आणि त्यांना ओळखणाऱ्यांना त्यात काही खोट वाटत नाही.

असा क्षण प्रत्यक्षात कधी घडलाच नव्हता, हे खरं. सतरा जण एका क्षणातले आणि काका दोन सेकंदांनंतरचे. पण जमलेल्या मंडळींच्या आठवणीत तरी कुठे एका क्षणाचा हिशेब असतो? त्यांच्या लेखी सगळे तिथे होते, डोळे उघडे ठेवून होते, आणि फोटो तेवढंच सांगतो.

फोटो पाहून काकू खूश झाल्या. म्हणाल्या, "एवढं येतंय तुला, तर आमच्या बंड्यालाही बसव ना मागच्या रांगेत. रजा नाही मिळाली रे त्याला." तिथे मात्र मी हात जोडले. बंड्याच्या मोबाइलवरच्या फोटोतला उन्हाचा उजेड हॉलच्या पिवळ्या दिव्यांत बसत नाही, हे कारण सांगितलं आणि ते खरंही होतं. पण उजेड जुळला असता, तरी मी नाहीच म्हटलं असतं. या धंद्यात उसनवारी ज्याची त्याच्याकडूनच आणि त्याच वेळची चालते. काकांचे डोळे काही सेकंद उशिरा आले एवढंच. बंड्या आलाच नव्हता.