व्हय म्हाराजा, धा टक्के!

कट्ट्याच्या बाजारात सध्या माशांच्या भावाला कोणी विचारत नाही. मालवण-कसाल रस्त्यावर एसटीची वाट बघणारी बाई असो की वराडकर हायस्कूलच्या पोराला सोडायला आलेला बाप, पहिला प्रश्न एकच: "व्हिडिओ बघलंस?"

"खंयचो?"

"अरे, दुकानाक धा वर्सा झाली त्येचो!"

दुकानाचं नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हे खूळ एका दुकानापुरतं उरलेलं नाही. पूर्वी आपल्याकडे दुकानाचा वर्धापनदिन म्हणजे सत्यनारायण, तीर्थप्रसाद आणि हात सैल असेल तर रात्री भजनाची डबलबारी. गिऱ्हाईक यायचं, शिरा खायचं, "भरभराट होवंदे" म्हणायचं आणि जायचं. आता मालक इस्त्रीचा शर्ट घालून, कॉलरला माईक लावून गल्ल्यामागे उभे राहतात आणि मोबाइलसमोर भाषण ठोकतात. मागे फ्रीज, बाजूला फुगे, आणि डोळे सतत कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे, कारण तिथे भाच्याने कागद धरलेला असतो.

बरं, नुसतं भाषण केलं असतं तर एवढा गहजब झाला नसता. या गृहस्थाने चक्क गाऱ्हाणं घातलं! गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणात सांगायला नको. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गावचा मानकरी किंवा गुरव घालतो ते. घरात, शेतात, नव्या होडीपुढे, अगदी दुकानाच्या उद्घाटनालाही घालतात, त्यात गैर काहीच नाही. पण इथे मालक हात जोडून म्हणतो, "बा देवा म्हाराजा, जेनी जेनी धा वर्सा आमची पायरी झिजवली, त्येंच्या घरात बरा होऊ दे रे म्हाराजा!" कॅमेऱ्यामागून घरची मंडळी, "व्हय म्हाराजा!" नोटाबंदी काढली, टाळेबंदी काढली. 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात सगळीकडे अंधार असताना मेणबत्त्या छापील किमतीलाच विकल्याचं काढलं. डोळ्यांत पाणीही काढलं. आणि मग तोच सूर, तेच जोडलेले हात: "आणि जेंची उधारी ऱ्हवली हा, त्येंका चवथीआधी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शिव शिव! देवाच्या खांद्यावरून उधारी मागितलीन हो! त्यातही कळस म्हणजे आभारात काही नावं घेतली आणि काही गाळली. ज्यांची गाळली ते रुसले. ज्यांची घेतली ते जास्त रुसले, कारण गावाने लगेच हिशेब मांडला की नाव घेतलंय म्हणजे वहीत पान मोठं असणार. एका काकूंचं "माझा नाव कित्याक घेतल्यान?" अजून थांबलेलं नाही. चाकरमानी मुलाने मुंबईतून व्हिडिओ बघितला आणि फोन करून विचारलं, "आये, किती ऱ्हवलेत?" म्हणजे व्हिडिओने काम केलं म्हणायचं.

पण खरी मेख पुढे आहे, आणि त्याबद्दल मात्र बाजारात कुणी चकार शब्द काढत नाही. गाऱ्हाण्याच्या शेवटी मालकाने जाहीर केलं: "धा वर्सा, म्हणान धा टक्के!" हजाराच्या खरेदीवर शंभराचं कूपन. व्हिडिओ लांबलचक, त्यामुळे स्टेटसला तुकडे पाडून टाकला होता. रडण्याचा तुकडा सगळ्यांनी बघितला, दहा टक्क्यांचा दोनदा बघितला. शेवटचा तुकडा, ज्यात कूपन पुढच्या खरेदीला, तीही हजाराची असेल तरच, असं घाईघाईत सांगितलंय, तो बघायला कोण थांबतंय?

आता तुम्हीच मोजा. आज हजाराची खरेदी केलीत, हजार मोजलेत, कूपन मिळालं. पंधरा दिवसांनी पुन्हा हजाराचा माल घेतलात, तेव्हा शंभर सुटले आणि नऊशे दिलेत. दोन हजारांच्या मालाला एकोणीसशे, म्हणजे सूट पाच टक्के. दहा कुठे गेले? त्यात पहिलं बिल साडेएकोणीसशेचं झालं तरी कूपन एकच. मग मागाहून हजाराचा माल घेतलात की दोन्ही मिळून 2950 च्या मालावर शंभर सुटले. साडेतीन टक्केही भरत नाहीत. कूपन धुवायच्या शर्टाच्या खिशात राहिलं तर शून्य.

मालकाच्या बाजूनेही बघूया, उगाच एकतर्फी कुजबुज नको. समजा शंभराच्या मालात त्याला वीस सुटतात. सरळ दहा टक्के दिले तर हजारामागचे दोनशे अर्ध्यावर येतात. तेवढीच कमाई हवी तर माल दुप्पट खपायला हवा, आणि कट्ट्याची वस्ती सवलत लागली म्हणून दुप्पट होत नाही. कूपनात मात्र दोन हजारांच्या विक्रीवर चारशेतले शंभर जातात, तीनशे राहतात, शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्यांदा पायरी चढतं आणि हरवलेली कूपनं फुकटात पचतात. ही अक्कल आपल्या मालकाची नव्हे. 1887 च्या सुमारास अटलांटात कोका-कोलावाल्यांनी फुकट पेल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हापासून दुकानदारी याच खुंटीवर टांगलेली आहे. मला त्याचा राग नाही. राग येतो तो मिक्सरचा.

व्हिडिओत मिक्सरवर "वीस टक्के थेट सूट" होती. छापील किंमत 4000, सवलतीत 3200. शेजारणीने चार महिन्यांपूर्वी तोच मिक्सर त्याच दुकानातून कितीला आणला होता? 3200 ला! बिल तिच्याकडे आहे, वॉरंटीसाठी जपलेलं. छापील किंमत ही कमाल किंमत असते, त्यावर विकायचं नाही एवढंच बंधन. त्याखाली दुकानदार एरवीही विकतच असतो. म्हणून सूट कशावरून मोजली ते विचारायचं: डब्यावरच्या आकड्यावरून की गेल्या आठवड्याच्या भावावरून? जुनं बिल असेल तर विचारायचीही गरज नाही.

आणि एक गंमत मालकाच्या भाच्याच्या कानावर घालायला हवी, कारण कागद तोच लिहितो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये फसव्या जाहिरातींबद्दल नियम काढले. त्यात म्हटलंय की दावा ज्या भाषेत, त्याची अटवजा सूचनाही त्याच भाषेत हवी, आणि दावा बोलून केला असेल तर सूचना त्याच वेळी, त्याच वेगाने दिसायला हवी. आता दावा केलाय मालवणीत, तोही गाऱ्हाण्याच्या संथ लयीत. म्हणजे पुढच्या वेळी मालकाने हात जोडूनच म्हणायला हवं, "ह्या कूपन पुढच्या हजारावरच चलतला रे म्हाराजा, तीस तारखेनंतर चलाचा नाय रे म्हाराजा!" आणि घरच्यांनी प्रत्येक अटीला होकार भरायला हवा.

तोवर समोरच्या चपलांच्या दुकानाने कॉलर माईक मागवलाय म्हणे. त्याला उघडून जेमतेम चार वर्षं झालीत, पण दहापर्यंत थांबायला आता कोणाला सवड आहे? गाऱ्हाणं घालायला गावातल्याच एका वयस्कर मानकऱ्याला विचारलं, तर म्हाताऱ्याने साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, नारळ आणि एक जोड चपला मिळत असतील तर बघतो.