ओळख करून देतो, हमी नाही

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात नवा माणूस दुकानात शिरला की भावाच्या आधी प्रश्न येतो, 'कोणाच्या ओळखीने आलात?' इथला बराच माल उधारीवर जातो, त्यामुळे ओळख करून देणारा अर्धा जामीन धरला जातो. उधन्यात राहणाऱ्या आम्हा खानदेशी मंडळींना हे पाठ आहे. म्हणून दोन माणसांना ईमेलवरून जोडायचं झालं, तर मी आधी दोघांना वेगवेगळं विचारतो. एकाच मेलमध्ये दोघांचे पत्ते टाकून 'भेटा एकमेकांना' म्हटलं, की ज्याला नको आहे त्यालाही तोंडदेखलं हो म्हणावं लागतं.

परवा पुण्याच्या एका ताईंना नऊवारीसाठी डिजिटल प्रिंट करणारा हवा होता. पांडेसऱ्यातले एक भाई माझ्या डोळ्यांसमोर होते. मी ताईंना म्हटलं, 'काय हवंय ते लिहून द्या.' त्यांनी लिहिलं, 'उत्तम दर्जाच्या साड्या.' असं लिहिलं की भाई सहावारी समजणार. ब्लाउजपीस धरून सव्वासहा मीटरच्या आसपास. नऊवारीला सव्वाआठ मीटर लागतं, म्हणजे काठ-पदराची फाइल नव्याने मांडायची आणि दरही वेगळा. तेव्हा मी भाईंना एकट्यांना असं पाठवलं:

'भाई, पुण्याच्या एक ताई शिवलेल्या नऊवारी विकतात. त्यांना क्रेपवर प्रिंट हवंय. सुरुवातीला पन्नास साड्या, प्रत्येकी सव्वाआठ मीटर, एकच डिझाइन. कापड तुमचं, डिझाइन त्यांचं. त्यांची शिवण मी पाहिली आहे, छान आहे. पैशाचा व्यवहार मात्र मी त्यांच्याशी केलेला नाही. जमत नसेल तर नुसतं नाही म्हणा, तुमचं नाव मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.'

शेवटच्या वाक्यामुळे नकार स्वस्तात देता येतो. भाईंचं उत्तर आलं, 'पन्नास म्हणजे फारच थोडं, पण एक डिझाइन असेल तर करू. निम्मे पैसे आधी.' हे मी ताईंना जसंच्या तसं कळवलं, आणि त्यांचा होकार आल्यावरच दोघांना एकत्र मेल केला. विषयात 'नऊवारी प्रिंट, पन्नास नग', खाली प्रत्येकाविषयी दोन ओळी, आणि 'ताई, डिझाइनची फाइल तुम्ही आधी पाठवा.' पहिलं पाऊल कोणी टाकायचं ते लिहिलं नाही, तर दोघंही सभ्यपणे वाट बघत बसतात.

ताईंनी उत्तर देताना आभार मानून मला बीसीसीत टाकलं. म्हणजे ते एक पत्र मला दिसलं आणि पुढची घासाघीस त्यांची त्यांना. पण भाईंना हे रुचलं नसावं. त्यांनी मला पुन्हा आत ओढलं, आणि मग आठवडाभर मीटरमागे दोन रुपये कमी होतात की नाही, हे मी निरुपायाने वाचत होतो.

सौदा ठरला त्या संध्याकाळी भाईंचा फोन आला. 'बाकीचे निम्मे अडकले, तर तुम्ही आहातच ना?'

मी त्यांना तो पहिला मेल पुन्हा पाठवला, पैशाची ओळ ठळक करून.